फेडरवरचं बोट

सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीवर लग्नाच्या आदल्या रात्री हळद गाण्याशिवाय लागत नाही. पूर्वी ही गाणी मांडवात बसलेल्या बायकांच्या तोंडची होती. आता ती मोबाइलमध्ये आहेत, रिक्षात आहेत आणि हळदीच्या रात्री डीजेच्या पेटाऱ्यांतून सगळ्या आळीला ऐकू जातात. यातली बरीचशी गाणी मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड होत नाहीत. पालघर-बोईसरच्या एखाद्या इमारतीतल्या फ्लॅटची आतली खोली, भिंतींवर फोम, दारावर गोधडी, एक कंडेन्सर मायक्रोफोन आणि एक कॉम्प्युटर, एवढ्यावर ती तयार होतात.

अशी दहा-बारा गाणी हेडफोन लावून लागोपाठ ऐकली की एक गोष्ट कानाला टोचू लागते. गाणारीचा आवाज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकाच उंचीवर असतो. हळू सुरू केलेली ओळ आणि खुल्या गळ्यानं फेकलेली ओळ, दोन्ही सारख्याच मोठ्या. दोन ओळींमधला श्वासही जवळजवळ शब्दांएवढाच मोठा ऐकू येतो. गाणारीनं असं गायलेलं नसतं. रेकॉर्डिंगनंतर कॉम्प्रेसर नावाच्या साधनानं तिचा आवाज दाबून सपाट केलेला असतो.

या लेखात मी एकाच गाण्याची हकिगत सांगणार आहे. बोईसरमधल्या अशाच एका खोलीत ते रेकॉर्ड झालं आणि त्याचं मिक्सिंग दोनदा झालं. पहिल्यांदा नेहमीच्या पद्धतीनं, कॉम्प्रेसरच्या भरवशावर. दुसऱ्यांदा ओळीओळीला, प्रसंगी शब्दाशब्दाला आवाजाची पातळी हातानं वरखाली करून आणि ती हालचाल कॉम्प्युटरमध्ये नोंदवून. या नोंदवलेल्या हालचालीला ऑटोमेशन म्हणतात.

गाणारी तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या एका गावची, साठीच्या आसपासची. तिला सगळे मावशी म्हणतात. हयातभर ती मांडवात गात आली आहे. मायक्रोफोन तिच्या गाण्याचा भाग कधीच नव्हता, त्यामुळे आवाज कुठे मोठा करायचा आणि कुठे आवरायचा हे तिचं तीच ठरवते. धृपदाची पहिली ओळ ती नवरीच्या कानाशी बोलल्यासारखी हळू म्हणते. अंतऱ्याची तिसरी ओळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बायकांना पोचावी म्हणून उचलते. गाता गाता मान वळवते. मिक्स करणारा तरुण दिवसा तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि रात्री हे काम. रेकॉर्डिंगच्या वेळी त्यानं तिला एकदाच सांगून पाहिलं, “मावशी, एकसारख्या आवाजात म्हणाल का?” ती म्हणाली, “एकसारखं म्हटलं तर ते हळदीचं कसं होईल रे पोरा?” त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, आणि माझ्या मते तिथेच या मिक्सिंगचा अर्धा निर्णय झाला.

आता आकड्यांकडे येऊ, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरमधल्या मीटरवर शून्य डेसिबल हे छत असतं आणि सगळा आवाज त्याखाली उणे आकड्यांत मोजतात. मावशीच्या धृपदातल्या हळू ओळीची शिखरं साधारण उणे २२ वर होती आणि अंतऱ्यातल्या उंच ओळीची उणे ७ वर. म्हणजे फरक १५ डेसिबलचा. दहा डेसिबलच्या फरकाला आपल्या कानाला आवाज ढोबळमानानं दुप्पट मोठा वाटतो, त्यावरून १५ म्हणजे किती याचा अंदाज यावा. मांडवात हा फरक हवाहवासा वाटतो. ढोलकी, कीबोर्ड आणि बेंजो यांच्या गर्दीत मात्र हळू ओळ बुडून जाते आणि उंच ओळ अंगावर येते.

तिसरा आकडा खोलीचा आहे. मावशी गात नव्हती तेव्हाही मीटर स्थिर नव्हता, उणे ६० च्या आसपास काहीतरी चालूच होतं. पश्चिम रेल्वेच्या रुळांपासून फार दूर नसलेल्या इमारतीत ते असणारच. डहाणूपर्यंतच्या लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांची घरघर भिंतीतून येते. कारखान्यांच्या बाजूनं मोठ्या पंख्यांचा अखंड घुमारा येतो. विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहामुळे ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झला गुणगुणतो. हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास लावला की रेल्वेची सर्वांत खालची घरघर बरीच जाते. पण १०० हर्ट्झची गुणगुण आणि गाडीचा भोंगा तसाच राहतो, आणि फिल्टर आणखी वर नेला तर मावशीच्या आवाजाचं अंगच पातळ होतं.

पहिल्या मिक्समध्ये कॉम्प्रेसर असा लावला होता: थ्रेशोल्ड उणे २६, रेशो सहास एक. याचा अर्थ, आवाज उणे २६ च्या वर जितका चढेल त्याचा फक्त सहावा भाग बाहेर पडेल. हळू ओळ थ्रेशोल्डच्या ४ डेसिबल वर होती, ती अर्ध्या-पाऊण डेसिबलवर आली. उंच ओळ १९ डेसिबल वर होती, ती तीनच्या थोडी वर आली. दोघींमधला १५ डेसिबलचा फरक अडीचवर आला. हवं होतं तेच झालं असं वाटतं. पण दाबल्यामुळे सगळाच आवाज लहान झाला, म्हणून मेकअप गेननं तो १४ डेसिबल उचलला गेला, आणि खरी गडबड तिथे झाली. मेकअप गेनला मावशीचा आवाज आणि खोलीचा आवाज यांतला फरक कळत नाही. ओळ संपली की कॉम्प्रेसर दाबायचं सोडून देतो आणि मागे राहिलेली घरघर पूर्ण १४ डेसिबल वर येते. उणे ६० वरचा गोंगाट उणे ४६ वर आला. उंच ओळ आधी त्या गोंगाटाच्या ५३ डेसिबल वर उभी होती, आता जेमतेम ३७. एका अंतऱ्यानंतर लांबून जाणाऱ्या गाडीचा भोंगा आधी लक्षातही येत नव्हता. आता तो गाण्यात वाजवल्यासारखा ऐकू येत होता.

श्वासाचंही तेच झालं. कॉम्प्रेसर किती वेळात पकड सोडतो त्याला रिलीज म्हणतात. तो फार कमी ठेवला की ओळ संपताच पकड सुटते आणि नेमका तेव्हाच घेतलेला श्वास उसळून वर येतो. जास्त ठेवला की पकड पुढच्या ओळीपर्यंत टिकते आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द खाल्ला जातो. उंच ओळीवर मीटर जवळजवळ १६ डेसिबल दाब दाखवत होता. एवढा दाब बसला की शब्दाच्या सुरुवातीची ठोस बोथट होते आणि आवाज मोठा असूनही मागे गेल्यासारखा वाटतो. ऐकणारा मग म्हणतो, गाण्याचा आवाज अजून वाढवा, आणि मिक्स करणारा आणखी दाब देतो.

कॉम्प्रेसर वाईट नाही. मुळात तो हाताच्या मदतीलाच आला. रेडिओ केंद्रांत आवाजाची पातळी सतत हातानं सांभाळावी लागे आणि तिथे एक क्षणही दुर्लक्ष चालत नसे. त्या कामातून सुटका व्हावी म्हणून लेव्हलिंग अ‍ॅम्प्लिफायर बनले. जेम्स लॉरेन्स यांचा टेलेट्रॉनिक्स एलए-२ए हा १९६० च्या दशकातला त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याची नक्कल करणारे प्लगइन आज बोईसरच्या या खोलीतही आहेत. पण रेकॉर्डिंगच्या जगानं हात सोडला नाही. १९७० च्या दशकात मोठ्या कन्सोलना फेडरची हालचाल लक्षात ठेवण्याची सोय आली. तोपर्यंत गाण्याच्या शेवटच्या मिक्सला एकाच वेळी दोन-तीन माणसं फेडरवर बोटं ठेवून बसत आणि एकाची चूक झाली की सगळं पहिल्यापासून. अमेरिकेतले अल श्मिट हे कॉम्प्रेसरऐवजी हातानं आवाज सांभाळण्यासाठी अखेरपर्यंत ओळखले जात.

आपल्याकडे तर हे काम पूर्वी गायकही करत. ‘महल’ या १९४९ च्या चित्रपटातल्या, खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या गाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आवाज लांबून येतोय असं वाटावं म्हणून लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गायला लागल्या आणि गात गात जवळ आल्या. मावशी मान वळवते तेव्हा तीही नकळत हेच करत असते. फरक इतकाच की ती मांडवासाठी वळते, मायक्रोफोनसाठी नाही.

दुसऱ्या मिक्सला त्या तरुणानं कॉम्प्रेसर आधी काढूनच टाकला. तो रीपर वापरतो, म्हणून नावं त्यातली देतो. इतर सॉफ्टवेअरमध्येही हेच वेगळ्या नावांनी आहे. आधी त्यानं मावशीचा ट्रॅक ओळीओळीला, श्वासाच्या जागी तोडला. मग संगीत बंद ठेवून प्रत्येक तुकड्याची पातळी बदलली. हळू ओळी ५ डेसिबल वर, उंच ओळी ३ डेसिबल खाली. उणे २२ ची उणे १७ झाली, उणे ७ ची उणे १०. फरक १५ वरून ७ वर आला आणि अजून कुठलंही यंत्र आवाजाला लागलेलं नव्हतं. नजरेनं लाटांचे डोंगर सारखे करायचा मोह इथे फार होतो, आणि तो टाळावाच लागतो. ‘आ’ची लाट मोठी दिसते, ‘ई’ची लहान, कानाला मात्र दोन्ही सारखी वाटू शकतात. त्यामुळे त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि जिथे कान अडखळला तिथेच हात लावला.

यानंतर कॉम्प्रेसर परत आला, पण आता त्याचं काम किरकोळ उरलं होतं. थ्रेशोल्ड उणे १९, रेशो दोनास एक. हळू ओळीवर एक डेसिबल दाब, उंच ओळीवर साडेचार. बाहेर पडताना दोन्ही ओळींत साडेतीन डेसिबलचा फरक राहिला आणि तो मुद्दाम राखला होता, कारण उंच ओळ उंच वाटायलाच हवी. मेकअप गेन ४ डेसिबल पुरला. उंच ओळीच्या मागेपुढे गोंगाट आता उणे ५९ वर होता, म्हणजे जवळजवळ जिथे होता तिथेच. हळू ओळीच्या आसपास तो उणे ५१ पर्यंत चढला, तिथे ओळींमधल्या रिकाम्या जागा त्यानं सहाएक डेसिबल खाली घेतल्या. पूर्ण बंद केल्या नाहीत. खोलीचा आवाज एकदम नाहीसा झाला की ओळ कात्रीनं कापल्यासारखी संपते आणि कानाला ती जागा लगेच सापडते. श्वासही पाच डेसिबल खाली गेले, पण राहिले. श्वास काढून टाकलेलं गाणं ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरवतं.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि घाईच्या कामात तोच गळतो. इथे संगीत चालू करून फेडर चालवायचा असतो. मराठीत वाक्याचं क्रियापद बहुधा शेवटी येतं आणि गाणारीचा श्वासही तिथेच संपत आलेला असतो. मावशीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आधीच्या शब्दांपेक्षा चार-पाच डेसिबलनं पडत होता, आणि नेमक्या त्याच जागी ढोलकीची उठाण येत होती. नवरीला काय लावलं, कोणी आणलं, कोण रडलं, हे सगळं त्या शेवटच्या शब्दात होतं आणि तोच ऐकू येत नव्हता. कॉम्प्रेसरला हे कधीच साधत नाही. तो मोठा आवाज दाबतो, पण पडलेला शब्द कुठला आणि त्याच्यावर काय अवलंबून आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. त्या तरुणानं अशा प्रत्येक शब्दाला दोन-तीन डेसिबल हात दिला. पूर्ण पाच दिले नाहीत, कारण ओळ संपताना आवाज उतरणं हा गाण्याचाच भाग आहे. ‘स’ आणि ‘श’ जिथे फार सिसकारत होते तिथे त्यानं तेवढ्याच क्षणापुरते तीन डेसिबल खाली घेतले. मग डी-एसर नावाचं वेगळं यंत्र लावायची गरज उरली नाही.

हे काम कुठल्या जागी करायचं यावर सगळं अवलंबून आहे. रीपरमध्ये आवाजाच्या दोन वेगळ्या रेषा मिळतात. `Volume (Pre-FX)` ही कॉम्प्रेसरच्या आधीची आणि `Volume` ही नंतरची. शेवटचा शब्द उचलण्याचं काम चुकून आधीच्या रेषेवर केलं तर काय होतं? समजा रेशो चारास एक आहे आणि आवाज थ्रेशोल्डच्या वर आहे. तुम्ही ३ डेसिबल उचलता आणि कॉम्प्रेसर बाहेर फक्त पाऊण डेसिबल सोडतो. तुम्ही आणखी उचलता, तो आणखी दाबतो. तासभर राबूनही काही बदललं नाही असं वाटलं तर पहिल्यांदा हेच तपासावं. म्हणून ओळींचा ठोकळ समतोल कॉम्प्रेसरच्या आधी आणि शब्दांचं बारकाईचं काम नंतर, असा क्रम आहे. फेडरनंतरून घेतलेला रिव्हर्बही मग शब्दाबरोबरच वाढतो आणि कमी होतो, तो वेगळा सांभाळावा लागत नाही.

फेडर चालवताना `Touch` हा मोड सोयीचा. बोट किंवा माउस दाबून धरलेला असतो तेवढाच वेळ हालचाल नोंदली जाते आणि सोडताच फेडर पूर्वीच्या जागी परततो. `Latch` मध्ये सोडल्यानंतर शेवटची पातळी पुढे चालू राहते, आणि `Write` तर गाणं चालू झाल्यापासून सगळं पुसून नव्यानं लिहीत जातो. त्या तरुणानं एका रात्री `Write` तसाच ठेवून गाणं ऐकलं आणि दोन अंतऱ्यांचं काम सपाट झालं. सुदैवानं आधीची फाइल जपून ठेवलेली होती. काम झालं की मोड `Read` वर न्यायचा. पण मग आणखी एक अडचण येते. चार दिवसांनी कुणीतरी म्हणतं, मावशीचा आवाज जरा वाढव. `Read` मध्ये फेडर वर ढकलला की गाणं सुरू होताच तो नोंदवलेल्या जागी परत पळतो. अशा वेळी `Trim/Read` मोडवर जावं. त्यात आधीची सगळी हालचाल तशीच राहते आणि फेडरनं पूर्ण आवाज एकत्र वरखाली होतो.

झालेलं काम बरोबर आहे की नाही हे मोठ्या आवाजात कळत नाही. मोठ्या आवाजात सगळंच ऐकू येतं. त्या तरुणानं स्पीकर इतके बारीक केले की शेजारच्या खोलीतलं बोलणं गाण्यापेक्षा मोठं वाटावं, आणि मग शब्द मोजत ऐकलं. जो शब्द हरवला तिथे खूण. नंतर तेच मोबाइलच्या एका स्पीकरवर, दुसऱ्या दिवशी, कान ताजे असताना. हात जास्त चालला असेल तर त्याचीही खूण आहे: आवाज पुढे-मागे सरकतोय असं वाटतं, किंवा ढोलकी-कीबोर्ड शब्दाबरोबर लहान-मोठे होतायत असं वाटतं. तशा जागा त्याला तीन-चार सापडल्या. तीन डेसिबलची उचल तिथे दीडवर आणावी लागली. बहुतेक ठिकाणी दोन-तीन डेसिबल पुरतात, आणि त्याहून जास्त लागत असतील तर चूक आधीच्या टप्प्यात, ओळींच्या समतोलात आहे असं समजून मागे जावं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. चार मिनिटांच्या गाण्याला दोन-तीन तास सहज जातात आणि शिफ्टवरून आलेल्या माणसाला तेवढा वेळ रोज मिळत नाही. हे काम आपोआप करणारे प्लगइनही आहेत. ते पातळी ओळखून फेडर हलवतात आणि हलवलेलं नोंदवूनही ठेवतात, त्यामुळे पहिल्या ढोबळ टप्प्याला त्यांचा उपयोग होतो. शब्दाच्या अर्थाचा प्रश्न मात्र त्यांच्याही आवाक्याबाहेरचा. दुसरं म्हणजे मान वळवल्यामुळे आवाज फक्त लहान होत नाही, त्याची जातही बदलते. मायक्रोफोनच्या समोरून बाजूला गेलं की तार स्वरातली चमक आधी जाते. पातळी वाढवून ती परत येत नाही. अशा दोन ओळी मावशीकडून पुन्हा गाऊन घ्याव्या लागल्या. झपाट्यानं म्हटलेल्या, एकाला एक लागून येणाऱ्या शब्दांच्या गाण्यांत शब्दाशब्दाला फेडर चालवणं शक्य नसतं, तिथे कॉम्प्रेसर थोडा जास्तच लागतो.

सर्वांत अवघड प्रश्न डीजेचा होता. गाणं मांडताना निर्मात्याचं म्हणणं साधं होतं: हळदीच्या रात्री हे उघड्यावर, मोठ्या पेटाऱ्यांवर वाजणार, तिथे मावशीची हळू ओळ पोचली पाहिजे. हे खरंच आहे. उघड्या जागेत माणसांचा गलका असतो आणि साडेतीन डेसिबलचा राखून ठेवलेला फरकही तिथे परवडेलच असं नाही. यूट्यूबवर मात्र जास्त दाबून मोठं केलेलं गाणं फायद्याचं नसतं. तिथे साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठं गाणं आपोआप खाली आणलं जातं, म्हणजे दाबून मिळवलेला मोठेपणा निघून जातो आणि सपाटपणा तेवढा राहतो.

म्हणून त्यानं दोन फाइली काढल्या. दोन्हींत मावशीच्या आवाजावरचं हाताचं काम तेच. यूट्यूबच्या फाइलमध्ये ते आहे तसं. डीजेच्या फाइलमध्ये धृपदाच्या हळू ओळी आणखी दोन डेसिबल वर, गायनावर तीनास एकचा आणखी एक हलका कॉम्प्रेसर आणि सगळ्यात शेवटी लिमिटर. आधीच समतोल झाल्यामुळे या दुसऱ्या कॉम्प्रेसरलाही दोन-तीन डेसिबलच्या वर काम पडलं नाही, आणि डीजेच्या फाइलमध्येही ओळींच्या मधला भोंगा वर आला नाही. मावशीला दोन्ही ऐकवल्या. डीजेची ऐकून ती म्हणाली, “ही पोरांच्या नाचाची.” मग दुसरी पुन्हा लावायला सांगितली आणि तिसऱ्या ओळीला तिनं त्याला थांबवलं. तिथला शेवटचा शब्द अजून एक डेसिबल खाली हवा होता.